लेफ्टनंट कर्नलसाहेबांचे तेवीस आक्षेप

डोंबिवली पूर्वेतील समस्त सुजाण नागरिकांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, गेल्या वर्षी एका मंगळवारी सकाळी अकरा वाजता भारतीय सेनेने माझ्या ऑफिसवर चाल केली. सैन्य एका माणसाचं होतं. सोबत त्याची बायको आणि डब्याची पिशवी.

मी लोकांचे बायोडेटा लिहून देतो. हे गृहस्थ लेफ्टनंट कर्नल, सेनेच्या रसदपुरवठ्याच्या शाखेतले, दोन महिन्यांनी निवृत्त होणार. ठाण्यात माजिवड्याला फ्लॅट घेतलेला. कल्याण-भिवंडी रस्त्यावरच्या एका औषधांच्या गोदामाला पुरवठाप्रमुख हवा होता आणि प्रोफाइल त्याच दिवशी पाचपर्यंत पोचायला हवं होतं. हे हुकलं तर दुसरी नोकरी गुरुग्रामला. अकरा बदल्या झाल्या होत्या, ही बारावी ठरली असती.

मी आदल्या आठवड्यात पाठवलेला मसुदा त्यांनी टेबलावर आपटला. सोबत टाइप केलेलं, परिच्छेदांना क्रमांक घातलेलं पत्र. विषय : मसुद्यावरील निरीक्षणे. एकूण तेवीस. चौदाव्याला क, ख, ग अशी पिल्लंही होती. मी खूश! इतक्या शिस्तीत माझा अपमान आजवर कोणी केला नव्हता.

"निरीक्षण एक," ते गरजले. "मी अॅडज्युटंट होतो. तुम्ही लिहिलंय सहायक. सहायक म्हणजे काय, चहा आणणारा?"

चूक माझीच होती. शब्दकोशात पाहिलं आणि ठोकून दिलं. "मग काय करायचात?"

"सहाशे माणसांची शिस्त, रजा, बदल्या, कागदपत्रं. कमांडिंग ऑफिसरच्या वतीने."

"म्हणजे एचआर आणि प्रशासनाचे प्रमुख."

"मला एचआर म्हणायचं नाही!"

"सर, गोदामवाल्यांना अॅडज्युटंट कळत नाही. याआधी अर्ज केलात त्या कंपनीने तुम्हाला काय देऊ केलं होतं?"

बायकोने खिडकीबाहेर बघत सांगितलं, "वॉचमन लोकांचे मुख्य."

"तुम्ही मध्ये बोलू नका," साहेब म्हणाले. मला मराठीत झापणं संपलं की ते इंग्रजीत झापत. सेकंड-इन-कमांडचं मी डेप्युटी मॅनेजर केलं होतं, त्यावर इंग्रजी चाललं. शेवटी 'संपूर्ण युनिटच्या दैनंदिन कामकाजाचे प्रमुख' यावर तह झाला. हुद्दा मात्र नावाआधी जसाच्या तसा ठेवायचा, त्याचं काहीही भाषांतर करायचं नाही, हे मला मान्य होतं. तो माणसाबरोबर निवृत्त होत नाही.

साडेतीन वाजता आम्ही निरीक्षण एकोणिसावर पोचलो. त्यांच्या मूळ कागदावर एक ओळ होती : हिवाळी साठवणूक विहित मुदतीत पूर्ण करण्यात आली. मी विचारलं, म्हणजे नक्की काय?

"बर्फाने खिंडी बंद व्हायच्या आत वरच्या चौक्यांना सहा महिन्यांचं धान्य आणि रॉकेल पोचवायचं. नंतर गाडी जात नाही."

"आणि कमी पडलं तर?"

माझ्या बुद्धीची त्यांना दया आली असावी. "माणसं तिथेच असतात."

मी खुर्चीतून उठलो. अहो, गोदामवाल्यांना हेच तर हवं होतं! मी टाइप केलं : सहा महिने फेरपुरवठा अशक्य असलेल्या दुर्गम केंद्रांच्या साठ्याचं नियोजन केलं, सलग दोन हिवाळे एकाही केंद्रावर तुटवडा नाही.

"खोडा."

"खोटं आहे?"

"खरं आहे. पण ओझी वाहिली जवानांनी, गाड्या हाकल्या ड्रायव्हरांनी. त्यांचं काम माझ्या नावावर खपवायचं नाही. आमच्यात ऑफिसरबद्दल चांगलं लिहायचं असेल तर त्याचा वरिष्ठ लिहितो. स्वतःची आरती ओवाळणारा मेसमध्ये चेष्टेचा विषय होतो."

"सर, इथे तुमचे वरिष्ठ येणार नाहीत. इथे मी आहे."

"तुम्ही दुकानदार आहात."

"आणि तुम्ही गिऱ्हाईक! दुकानात गिऱ्हाईक स्वतःच माल लपवून ठेवतं हे पहिल्यांदा बघतोय!"

"ती ओळ असली तर मी हा कागद पाठवणार नाही."

"नसली तर मी देणार नाही. माझ्या कामाची लाज वाटते मला."

तेही उभे, मीही उभा. भिंतीवरच्या घड्याळात चार पन्नास. साहेबांनी कागदांची चळत उचलली, घडी घातली आणि दाराकडे निघाले. पाच पावलांत माझं ऑफिस संपतं, म्हणून बरं. कारण दाराशी डब्याची पिशवी घेऊन बाई आडव्या उभ्या राहिल्या, आणि तीस वर्षांचा संसार बाजूला ठेवून ओरडल्या :

"अहो, वर रॉकेल संपलं असतं तर चौकशी कोणाची लागली असती, ड्रायव्हरची? तुमचीच ना! मग पुरलं तेव्हा श्रेय घ्यायला लाज कसली? पाठवा हो तुम्ही तो कागद, नाहीतर गुरुग्रामला हे एकटेच जातील!"