रीडमीतल्या तीन ओळी

ऑफिसात तिला मॅन्युअलमावशी म्हणत. तोंडावर नुसतं मावशी, पाठीमागे अख्खं. तिला दोन्ही ठाऊक होतं आणि दोन्हीचं काही वाटत नव्हतं. प्रोग्रॅमरांनी प्रोग्रॅम लिहून ठेवायचे आणि ते वापरायचे कसे हे मावशीने माणसांच्या भाषेत सांगायचं, अशी वाटणी होती. उभा जन्म तिने त्यात घालवला आणि दाखवायला हातात काय, तर शून्य. बँकांची, विमा कंपन्यांची, कारखान्यांची कितीतरी मॅन्युअलं तिच्या हातची, पण प्रत्येक ठिकाणी गोपनीयतेच्या कागदावर सही केलेली. नव्या नोकरीला गेलं की समोरचा म्हणे, तुमच्या लिखाणाचा एखादा नमुना दाखवा. कुठून दाखवणार? स्वयंपाकीण बाईला म्हणायचं, तुमच्या हातची चव सांगा, आणि जेवलेले सगळे परदेशी गेलेले.

घरी नवऱ्याचं औषधांचं दुकान होतं. तो थट्टा करायचा, की तुझं लिखाण म्हणजे औषधाच्या खोक्यातला घडीचा कागद. अंगावर गांधी उठल्याशिवाय कोणी उलगडत नाही. थट्टा खरी होती, म्हणून ती हसायची.

तर या ऑफिसच्या टीमने एक अवजार बनवलं. नाव 'चाळणी'. टर्मिनलच्या काळ्या खिडकीत 'चाळणी' असं लिहून पुढे फोल्डरचं नाव द्यायचं, की त्या फोल्डरात एकाच फाइलच्या किती नकला पडल्यात ते ती दाखवते. सांगितलं तर जास्तीच्या नकला काढूनही टाकते. टीमचा प्रमुख, ज्याला सगळे दादा म्हणत, त्याने ठरवलं की हे अवजार ओपन सोर्स करायचं. म्हणजे कोड जगापुढे उघडा. कोणीही घ्यावा, वापरावा, सुधारावा. आणि अशा अवजाराच्या दारावर एक पाटी लागते, तिला रीडमी म्हणतात. हे काय आहे, कसं बसवायचं, कसं वापरायचं, आणि हातभार लावायचा तर कसा. पाटी लिहायचं काम मावशीकडे आलं.

तिचं कंत्राट संपत आलं होतं आणि ते वाढेल अशी चिन्हं नव्हती. पण रीडमी उघड्यावर राहणार होती. आयुष्यात पहिल्यांदा बोट ठेवून म्हणता येणार होतं, की हे माझं. तिने दादाला स्पष्टच विचारलं, की यावर माझं नाव राहील ना. दादा म्हणाला, "अहो मावशी, प्रत्येक बदलाच्या इतिहासात करणाऱ्याचं नाव आपोआप लागतं. तुम्हीच लिहिताय ना ते योगदानाच्या भागात?"

खरंच तसं लिहिलं होतं तिने. मनापासून.

मावशीची कामाची एक पद्धत होती, जिला टीममधली दोन पोरं हसत. जे लिहायचं ते आधी स्वतः करून बघायचं, तेसुद्धा कोऱ्या संगणकावर. कोरा संगणक रोज कोण देणार? म्हणून ती घरच्या जुन्या लॅपटॉपवर दर वेळी एक नवा वापरकर्ता तयार करायची. त्याच्या नावावर काही नाही, सोयी नाहीत, सवयी नाहीत. जणू कालच जन्मला. मग स्वतःचं लिखाण शब्दाला शब्द पाळायचं, स्वतःचं डोकं मुळीच वापरायचं नाही, आणि काम झालं की तो वापरकर्ता पुसून टाकायचा.

तसं केल्यावर चाळणी अडली. बसवायची कमांड बिनबोभाट पार पडली, पण पुढे 'चाळणी' लिहिलं की संगणक म्हणे, अशी कमांड सापडत नाही. मावशीने कारण शोधलं. अवजार बसलं होतं वापरकर्त्याच्याच घरातल्या एका लपलेल्या फोल्डरात, आणि संगणक कमांड ज्या फोल्डरांत शोधतो त्यांच्या यादीत ते फोल्डर नव्हतंच. डबा फडताळात आहे, पण सुनेला फडताळ कोणी दाखवलेलं नाही. टीममधल्या प्रत्येकाने ते फोल्डर कधी काळी यादीत घातलेलं होतं आणि घातलं हे विसरूनही गेले होते. त्यांच्याकडे सगळं पहिल्या झटक्यात चालायचं. मावशीने तीन ओळी लिहिल्या: हे फोल्डर यादीत घाला, त्याची कमांड अशी, मग टर्मिनल बंद करून नवं उघडा. पुन्हा नवा वापरकर्ता केला. चाललं.

दादाने रीडमी वाचली आणि त्या तीन ओळी काढल्या.

ती त्याच्या टेबलाशी गेली. दादाचं म्हणणं असं, की बसवणं एका ओळीत झालं पाहिजे. चार पायऱ्या दिसल्या की लोक पळतात. शिवाय बसवताना पिवळ्या अक्षरांत सूचना येतेच की फोल्डर यादीत नाही म्हणून.

"पिवळ्या अक्षरांत आलेलं तुम्ही स्वतः शेवटचं कधी वाचलंत?" मावशीने विचारलं.

शेजारची पोरं खाली बघून हसली. दादाही हसला, पण ओळी परत आल्या नाहीत. जाता जाता त्याने योगदानाच्या भागातली आणखी एक ओळ उडवली. तिथे मावशीने लिहिलं होतं, की बदल सुचवायचा तर आधी इश्यू उघडा, म्हणजे अडचण काय ती नोंदवा; मग प्रकल्पाची आपली प्रत काढा, तिच्यात वेगळी ब्रँच, म्हणजे बाजूची फांदी, करून बदल करा, आणि पुल रिक्वेस्ट पाठवा, म्हणजे 'हा बदल तुमच्यात घ्या' अशी विनंती. पण रीडमीतली चूक असेल तर इश्यू नको, सरळ विनंती पाठवा, असंही तिने जोडलं होतं. दादा म्हणाला, नियम सगळ्यांना एकच ठेवू. गावजेवणात वेगळी पंगत नको.

एक गोष्ट मात्र दादाने जशीच्या तशी ठेवली, ती म्हणजे स्वागताचा मजकूर. कोणी अनोळखी माणसाने पहिल्यांदा विनंती पाठवली की आपोआप जाणारे चार शब्द. ते मावशीने फार जिव्हाळ्याने लिहिले होते, कारण दारात आलेल्याला कसं वाटतं हे ऑफिसात तिच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

प्रकाशनाच्या आधी दादाने सांगितलं, की जुना इतिहास तसाच उघडा करता येणार नाही. त्यात एका गिऱ्हाइकाचं नाव होतं, एक जुना पासवर्ड होता. मग नवी कोरी रिपॉझिटरी, म्हणजे कोडचं कोठार, आणि सगळं काम एकाच कमिटमध्ये, म्हणजे इतिहासातल्या एकाच नोंदीत, 'पहिलं प्रकाशन' म्हणून. यात दादाचं काही चुकलं नाही, सगळे असंच करतात. मावशीला लगेच उमजलं की एका कमिटला लिहिणाऱ्याचं एकच नाव. तिने सांगितलं, की कमिटच्या संदेशाखाली सहलेखकांच्या ओळी जोडता येतात, त्यात माझं घाला. दादा म्हणाला, "हो हो, घालतो."

त्याने घातल्या. दोन ओळी. दोन्ही पोरांच्या.

तिने विचारलं तेव्हा तो खरोखर गोंधळला, आणि तेच तिला जास्त लागलं. मुद्दाम केलं असतं तर भांडता आलं असतं. "मला वाटलं, ते कोड लिहिणाऱ्यांसाठी असतं," तो म्हणाला. मग आता बदलायचं तर, तिने विचारलं. आता लोकांनी प्रती घेतल्या, तो म्हणाला. छापून गेलेला इतिहास मागे जाऊन बदलला की सगळ्यांच्या प्रती विस्कटतात. हेही खरंच होतं. दादाचं सगळंच खरं असायचं, हीच तर पीडा.

आणि तक्रारी येऊ लागल्या. कमांड सापडत नाही. बसवलं, चालत नाही. तुमचं अवजार मोडकं आहे. बैठकीत दादाने हळहळून सांगितलं, की कोड चांगला आहे, डॉक्युमेंटेशन कच्चं पडलं. मावशी तिथेच बसली होती. पोरांपैकी एकानेही मान वर केली नाही. कंत्राट वाढलं नाही. निरोपाला केक आणला होता, त्यावर तिचं नाव मात्र अगदी बरोबर लिहिलेलं होतं.

पुढे एका ठिकाणी मुलाखतीला बोलावलं. समोरची बाई तिच्याच वयाची होती, म्हणून मावशीला धीर आला. नमुना म्हणून तिने चाळणीचा दुवा आधीच पाठवला होता. बाईने लॅपटॉप वळवला. म्हणाली, इतिहासात तुमचं नाव काही दिसत नाही. मावशीने सगळं सांगितलं. सांगताना स्वतःलाच ते रडगाणं वाटलं. बाईने ऐकून घेतलं. मग जरा संकोचून म्हणाली, "आणि काल मी यात लिहिल्याप्रमाणे बसवून पाहिलं. चाललं नाही हो."

मावशी काय बोलणार? तिथे तीन ओळी होत्या म्हणून? घर जळाल्यावर आपण विहीर खणली होती असं सांगण्यातला प्रकार. नोकरी दुसऱ्या कोणाला मिळाली.

घरी येऊन तिने चाळणीची आपली प्रत काढली, ब्रँच केली, त्या तीन ओळी जागच्या जागी ठेवल्या आणि पुल रिक्वेस्ट पाठवली. स्वतःच्या पूर्ण नावाने. पाठवताक्षणी उत्तर उमटलं. नावाशेजारी 'पहिल्यांदाच योगदान' असा बिल्ला, आणि खाली मजकूर:

"या, स्वागत आहे. हे तुमचं इथलं पहिलंच पाऊल दिसतंय. इथे कोणी लहान नाही आणि कोणतंच काम किरकोळ नाही. तुमचं नाव या प्रकल्पाच्या इतिहासात कायम राहील."

नवरा दुकान बंद करून आला होता, खांद्यावरून वाचत होता. म्हणाला, "माणसं सभ्य दिसतात गं."

"मीच लिहिलंय ते," मावशी म्हणाली.

तो चहा टाकायला आत गेला.

दादाचं उत्तर दोन दिवसांनी आलं. छान लक्षात आणून दिलंत, असं म्हणून पुढे लिहिलं होतं, "पण कृपया आधी इश्यू उघडा. रीडमीतल्या योगदानाच्या पायऱ्या एकदा वाचून घ्या, मावशी."

शेवटचा शब्द त्याने प्रेमानेच लिहिला असणार. मावशीने पायऱ्या वाचल्या नाहीत, तिला पाठ होत्या. इश्यू उघडला, त्याचा क्रमांक विनंतीत लिहिला. बदल स्वीकारला गेला. योगदान करणाऱ्यांच्या यादीत दादा, मग ती दोन पोरं, आणि तळाशी ती. तीन ओळींची धनीण. वरची सगळी रीडमी, तिचा शब्द न् शब्द, दादाच्या नावावर. नवऱ्याने विचारलं, की लागलं ना एकदाचं नाव. ती म्हणाली, लागलं, घर बांधलं त्यांनी आणि उंबऱ्याला रंग मी दिला असं लागलं.

तरी सवय जाते थोडीच. जुन्या लॅपटॉपवर तिने नवा वापरकर्ता केला आणि सुधारलेली रीडमी पहिल्या ओळीपासून पाळत गेली. चाळणी पहिल्या झटक्यात चालली. मग नेहमीप्रमाणे तिने त्या वापरकर्त्याला पुसायला घेतलं. पडद्यावर चौकट आली: या वापरकर्त्याचं सगळं काम कायमचं जाईल, खात्री आहे ना?

"हा मेला निदान विचारतो तरी," ती म्हणाली, आणि 'हो'वर बोट ठेवलं.