आग्नेय कोपऱ्यातली खुर्ची

मार्गशीर्षातला शुक्रवार, सकाळ. हजर: मी, आमचे हे, लेक, गुरुजी आणि लालबागच्या त्या फ्लॅटच्या मालकीण कमलताई. त्यांना बोलावलं नव्हतं. आमच्याआधीच येऊन त्या दारात उभ्या होत्या.

"खड्डा खंय करतलास?" हा त्यांचा गुरुजींना पहिला प्रश्न.

"भाड्याच्या घरात खड्डा नसतो, ताई. वास्तुपुरुष पुरायचा तो मालकाने. यांचं फक्त गणपतीपूजन, पुण्याहवाचन आणि दूध उतू घालवणं."

"सगळे असंच म्हणतात. आज खिळा, उद्या हक्क!"

आमचं सामान टेम्पोत, टेम्पो खाली, आणि करारावर त्यांची सही बाकी. "पूजा बघून करते," म्हणाल्या.

आम्ही तोरण बांधलं. मी उंबरठ्याला हळदकुंकू वाहिलं, पाण्याचा कलश घेऊन उजवं पाऊल आत टाकलं. मागून हे देव घेऊन आले. तोवर कमलताईंनी खुर्ची ओढून स्वयंपाकघराचा आग्नेय कोपरा अडवला होता. गुरुजींनी सुपारीचा गणपती मांडला, घरासाठी पुण्याहवाचन केलं, आंब्याच्या पानाने खोल्यांतून पाणी शिंपडलं. त्या जागच्या हलल्या नाहीत.

"ताई, पाणी उडतंय," हे म्हणाले.

"उडूंदे. मी काय साखरेची नाय."

घर भरलेलं राहावं म्हणून नव्या पातेल्यात दूध तापवलं. पूर्वेच्या बाजूने उतू गेलं, तशी लेक टाळ्या पिटायला लागली. कमलताई म्हणाल्या, "शेगडी पुसून घ्या. बर्नर माझो हा."

नैवेद्य वाढताना गुरुजींनी विचारलं, "आधीची वास्तू, म्हणजे वास्तुपुरुषाची मूर्ती, पुरलेली आहे का इथे?"

कमलताई म्हणाल्या, "आसा. आमच्या ह्यांनी बसवली. ह्या खुर्चीखाली, पालथी. तुम्ही तुमची घालूक माझी काढशाल, म्हणून बसलंय."

मी ताट उचललं. "मग पहिला नैवेद्य तिचाच. उठा."

त्यांनी आधी माझा दुसरा हात रिकामा आहे ना ते पाहिलं. मग उठल्या. सही केली. "अकरा महिनेच हं!"

आम्हाला इथे आता सहा वर्षं झाली. दर दसऱ्याला त्या यायच्या. कोपऱ्यात ताट ठेवलंय ना ते बघायच्या, वाकून फरशीची सांध नखाने खरवडायच्या. सिमेंट जुनंच निघालं की चहा मागायच्या. माझ्या हातच्या करंज्या मात्र त्यांनी कधी संशयाने खाल्ल्या नाहीत.

श्रावणात त्या गेल्या. घर आता शीवच्या त्यांच्या मुलीचं. सोमवारी सगळ्या फरश्या बदलायला माणसं येताहेत, सुरुवात स्वयंपाकघरातून. कोपऱ्यात काय आहे ते तिला ठाऊक नसावं, नाहीतर बोलली असती. भाडेकरूने "इथे खणू नका" म्हटलं की मालकाच्या मनात काय येतं, ते मी सहा वर्षं पाहिलंय.

आज शनिवार. तिला फोन करायचा राहिलाय.