फुलीच्या दाढेची साक्ष

आक्काबाईला लिहायला येत नव्हतं, पण कळपातली कुठली मेंढी कुणाच्या पोटची हे ती अंधारात पाठीवर हात फिरवून सांगायची. त्यांच्या घरची रीत अशी की, लेकीच्या बारशाला एक नुकती जन्मलेली कोकरी तिच्या नावानं सोडायची. त्या कोकरीची पिल्लं, पिल्लांची पिल्लं, सगळी लेकीची. आक्काबाईच्या लेकीच्या, फुलीच्या, नावाच्या ठिपकीचा वंश असाच वाढत गेला, आणि त्या वंशावळीवरून फुलीचं वय आक्काबाईला ठाऊक होतं. फुलीला अठरा कवाच उलटून गेली होती.

पण सत्तावन्न सालच्या उन्हाळ्यात फुली पालीच्या म्हादूबरोबर निघून गेली, आणि तिच्या बापानं, सावळानं, वेल्ह्याच्या पोलीस ठाण्यात जाऊन फिर्याद दिली की पोरगी अजाण आहे, पळवून नेली. अठराच्या आतली ठरली तर तिच्या राजीखुशीला किंमत नाही, म्हादू तुरुंगात. वरची ठरली तर दोघं मोकळी. जन्माचा दाखला कुठला असायला? धनगराची पोर डोंगरावर जन्मलेली. म्हणून पोलिसांनी फुलीला भोरच्या सरकारी दवाखान्यात नेलं.

आक्काबाई सोबत गेली होती. दवाखान्यातल्या रघुवीर डॉक्टरांनी फुलीला तोंड उघडायला लावलं. अक्कलदाढ हिरडीच्या वर आलेली नव्हती. तेवढ्यावर ते थांबले नाहीत, पुण्याला पाठवून जबड्याचा आणि मनगटाचा क्ष-किरण फोटो काढवला. दाढेनं निकाल लावावा, आपल्याला कुणी काही विचारू नये, एवढंच आक्काबाई मनात म्हणत होती. नवऱ्याच्या विरुद्ध ती जन्मात बोलली नव्हती.

फोटो आल्यावर डॉक्टरांनी तो खिडकीकडं धरून तिला दाखवला. हाडात दाढ बसलेली होती, डोकं पुरतं झालेलं, पण खालच्या मुळांची टोकं उघडी.

"मिटली असती, तर अठरा उलटली असावीत असं म्हणालो असतो," ते म्हणाले. "उघडी आहेत म्हणून अठराच्या आत, असं मात्र म्हणता येत नाही, आक्काबाई. कुणाची सतराला अशी असतात, कुणाची विशीलाही. मनगटाचं हाडही काठावरच आहे."

"मंग दाढ काय म्हणती, डाक्टरसाहेब?"

"ठाम काही म्हणत नाही."

कोर्टातही त्यांनी हेच सांगितलं. सरकारी वकिलानं आडून, वळसे घेऊन विचारलं, पण डॉक्टर तसूभर हलले नाहीत. सावळा मागं बसून कुजबुजला की येवढा पुण्याचा फोटो आन् उपेग काडीचा न्हाई. मग फुली उभी राहिली. तिनं न्यायाधीश साहेबांकडं बघितलंच नाही, आईकडं बघत म्हणाली, "माज्या ठिपकीची वंशावळ आयेला पाठ हाय. तिला इचारा."

साहेबांनी विचारलं. आक्काबाईच्या डोळ्यांपुढं ठिपकी आली, तिची बांडी, बांडीची काळमुखी, एकेक नाव जिभेवर आलं. सावळानं खाकरून घसा साफ केला. ती पदर ओठाशी धरून म्हणाली, "मेंढरं कोन मोजतंय, साहेब. सोळा सरून सतरावं आसंल."

दाढेनं ठाम नकार दिलेला नव्हताच, म्हणून आईचा शब्द खरा धरला गेला. म्हादूला वर्षाची सजा झाली. फुलीला बापाच्या हवाली केलं. घरी ती शेण-झाडलोट करायची, कळपामागं जायची, पण आईशी पुन्हा बोलली नाही. म्हादू सुटून आल्याचं कळलं त्या दिवशी तिनं कपडे बांधले आणि पालीला त्याच्याकडं उतरून गेली. सावळा उंबऱ्यावर बसून राहिला.

पुढच्या उन्हाळ्यात आक्काबाई नवऱ्याला न सांगता काळमुखीच्या पोटची तरणी मेंढी घेऊन पालीला उतरली. फुली ओसरीवर बसली होती, गालाला फडकं बांधून. डाव्या अंगाला मागं दाढ फुटत होती, ठणकत होती. आक्काबाईनं पदराची गाठ सोडून लवंगा पुढं केल्या. फुलीनं त्या घेतल्या, दाढेखाली धरल्या.

मग मेंढीचं दावं हातात घेऊन विचारलं, "ही कुणाची?"

आक्काबाईनं सांगितलं. ठिपकीपासनं, बारशापासनं, कोण कुठल्या पावसाळ्यात व्याली, कुणाला वाघरानं नेलं, कुणाच्या पोटी ही. एकही नाव चुकलं नाही. फुली ऐकत होती. आतून म्हादूच्या खोकल्याचा आवाज येत होता. तुरुंगातून आल्यापासून तो असाच खोकत असतो, हे आक्काबाईला वाटेतच कुणीतरी सांगितलं होतं.

सगळं ऐकून झाल्यावर फुलीनं दावं आईच्या हातात परत दिलं.

"हे तवा म्हनायचं हुतं, आये."

आक्काबाई मेंढी घेऊन डोंगर चढली. वाटेत मेंढी दोनदा मागं वळून ओरडली, आणि दोन्ही वेळा आक्काबाई थांबली.