चूक कोणाची, ते आधी लिहा

आमच्या अकाउंट्स मॅनेजरबाईंना अख्खं ऑफिस पाठीमागे ‘हेडबाई’ म्हणतं. त्यांना ते ठाऊक आहे, आणि मला विचाराल तर आवडतंही. बाई बुटक्या, आवाज खणखणीत, आणि एकदा नाही म्हणाल्या की ब्रह्मदेव आला तरी नाही. मी त्यांच्या हाताखाली पुरवठादारांची बिलं बघते, त्यामुळे हे सगळं मी जवळून आणि अधूनमधून बोलणी खात पाहिलंय.

त्या महिन्यात आमचं हिशोबाचं क्लोजिंग अडकलं. महिना बंद करायला गेलं की सॉफ्टवेअर म्हणायचं, ‘एक नोंद अपूर्ण आहे.’ कुठली, ते सांगेल तर शपथ! अपूर्ण नोंदींची यादी उघडावी तर ती रिकामी. महिना बंद नाही म्हणून नफ्यातोट्याचा रिपोर्ट नाही, आणि मोठे साहेब सारखे दारातून डोकावत होते.

शोधता शोधता धागा गोदामात पोचला. गोदामवाल्या काकांनी मालाची एक पावती रद्द केली होती, अगदी नियमाप्रमाणे. पुरवठादारानेच मालाचं चलान बदलून दिलं होतं. त्या पावतीचा माल स्टॉकमधून निघाला, पण हिशोबातली नोंद मधेच लटकली. आता ही लोंबकळती नोंद ना दिसे ना पुसता येई.

बाईंनी सॉफ्टवेअर कंपनीला कळवलं. उत्तर आलं, ‘प्राधान्य तीन, म्हणजे तातडीचं नाही. दोष आढळल्यास पुढच्या अपडेटमध्ये दुरुस्त करू.’ आणि खाली गोडीगुलाबीने, ‘वापरकर्त्याची चूक असल्याचा फॉर्म सही करून पाठवलात, तर डेटा आजच नीट करून देतो.’

साहेब खूष. “करा की सही. एक ओळ तर आहे!”

एक ओळ! त्यातला ‘वापरकर्ता’ म्हणजे काका. ते निवृत्तीनंतर वर्षावर्षाच्या करारावर होते, आणि करार त्याच आठवड्यात वाढायचा होता. फाइलीत चूक केल्याचा कागद लागला की करार गेला, हा साहेबांचाच नियम. मुलगा घरी बसलेला, चार तोंडं काकांच्या पगारावर. माझं तर डोकंच फिरलं.

काका स्वतःच वर आले. “बाई, सही करून टाका. माझ्यापायी सगळ्यांचं घोडं अडायला नको.”

“काका, गप्प बसा,” बाई कडाडल्या. “न केलेली चूक अंगावर घ्यायची हौस असेल तर घरी घ्या. माझ्या ऑफिसात चालणार नाही. खाली जा आणि सॉफ्टवेअरच्या टेस्टच्या कॉपीवर, खऱ्या हिशोबाला हात न लावता, तशीच पावती रद्द करा. आणि तू गं, त्या वेळी काय करत होतीस?”

मी आठवून पाहिलं. त्या पावतीचं बिल माझ्या स्क्रीनवर उघडं होतं. मी तसंच उघडून ठेवलं, काकांनी खाली रद्द केलं, आणि काय सांगू, टेस्टमध्येही नोंद लटकली! बिल बंद ठेवून केलं, तर सुरळीत रद्द झाली. नवं अपडेट आल्यापासूनचं हे लफडं होतं.

बाईंनी तिथल्या तिथे पत्र लिहिलं:

‘फॉर्मवर सही होणार नाही. पावतीचं बिल एकाने उघडं ठेवायचं, दुसऱ्याने पावती रद्द करायची. नोंद अर्धवट राहते. आमच्या माणसाने नियम पाळला, तुमच्या प्रोग्रामने नाही. आमचा महिना बंद होत नाही आणि दुसरा मार्ग नाही, म्हणून प्राधान्य एक द्यावं. चूक कोणाची, ते आधी लिहा. मग दुरुस्त करा.’

प्रत थेट त्यांच्या संचालकांना. साहेबांचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा.

तासाभरात त्यांच्या सपोर्टवाल्याचा फोन. “मॅडम, आमच्याकडे असं होत नाही.”

“मग करून बघा. मी फोन धरून बसलेय.”

बाईंनी स्पीकर लावला. पलीकडे टकटक. मग बारीक आवाजात, “मॅडम… अडकली.”

आम्ही टाळ्याच पिटणार होतो, बाईंनी डोळे वटारले. प्राधान्य एक झालं, दुपारी नोंद मोकळी झाली, महिना बंद झाला, रिपोर्ट गेला. साहेब म्हणाले, “चला, सुटलो!”

एवढ्यात कंपनीचा मेल आला: ‘तक्रार बंद. कारण: वापरकर्त्याची चूक.’

“सोडा हो,” साहेब म्हणाले. “काम झालं ना?”

“तुमचं झालं, साहेब. माझं नाही.” बाईंनी तक्रार पुन्हा उघडली आणि लिहिलं, ‘तुमच्या मशीनवर अडकली, तेव्हा तिथे आमचे काका बसले होते का?’

संध्याकाळी कारण बदलून आलं: ‘सॉफ्टवेअरमधला दोष.’ बाईंनी त्याचा प्रिंट काढला, काकांचा करार वाढवायच्या कागदावर टाचला आणि ते कागद साहेबांपुढे ठेवले.

“त्या फॉर्मवरची सही राहिली, साहेब,” त्या म्हणाल्या. “यावर मात्र सही करा. एक ओळ तर आहे.”

साहेबांनी पेन शोधायला खिसे चाचपले. बाईंनी स्वतःचं पुढे केलं.