दुरुस्तीच्या दोन फेऱ्या

नोकरी सोडून मी घरबसल्या संपादन करायला लागले, तेव्हा पहिलं काम मिळालं ते उल्हासनगर कॅम्प दोनमधल्या एका मसालेवाल्या शेठचं. पाकिटांबरोबर फुकट वाटायची चोवीस पानांची मराठी पाककृती-पुस्तिका. मी कोटेशनमध्ये झोकात लिहिलं, ‘दुरुस्त्यांसह’. किती दुरुस्त्या, ते लिहायचं राहिलं. दहा वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढून खाल्ल्यावर स्वतःची ही एवढी मोठी चूक मला दिसली नाही.

शेठच्या दुकानाची एक रीत होती. मसाल्याचा नवा घाणा घरातल्या प्रत्येकाने चाखल्याशिवाय पाकिटात जायचा नाही. पुस्तिकेचंही त्यांनी तेच केलं. सकाळी शेठचा मेसेज, ‘मॅडम, मीठ थोडा कम लिखो.’ अकराला त्यांच्या बायकोचा, मीठ होतं तेवढंच ठेवा. दुपारी शेठच्या धाकट्या भावाचा फोन. संध्याकाळी शेठच्या आईचा, म्हणजे अम्मांचा, व्हॉइस मेसेज, सात मिनिटांचा, त्यातली पाच मिनिटं त्या कुकरच्या शिट्ट्या मोजत होत्या. मी खरवईच्या आमच्या फ्लॅटमध्ये बसून एक ओळ बदलायची आणि परत होती तशी करायची. पंधरा दिवस हेच.

त्यात जुन्या ऑफिसचा निरोप आला. जागा अजून रिकामी आहे, सोमवारपर्यंत कळवा. हे एक काम धड निभावता आलं नाही, तर मुकाट्याने परत जायचं, असं मी मनाशी ठरवलं. मला परत जायचं नव्हतं. अजिबात नव्हतं.

शुक्रवारी मी शेठना उत्तर लिहायला बसले. पहिल्या मसुद्यात तीनदा ‘क्षमस्व’ होतं. दुसऱ्यात मी कोर्टाची नोटीस पाठवतेय असं वाटत होतं. नवऱ्याला वाचून दाखवला, तर तो म्हणाला, “मला भीती वाटली, मी काय केलंय?” शेवटी हे गेलं:

‘शेठ, नमस्कार. हे मी सुरुवातीलाच लिहायला हवं होतं, चूक माझी. म्हणून आतापर्यंत सुट्या सुट्या आलेल्या सगळ्या सूचना मिळून मी एकच फेरी धरते. ठरलेल्या रकमेत अशा दोन फेऱ्या येतात. म्हणजे आता एक उरली. फेरी म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या सूचनांची एकत्र केलेली एकच यादी. तिसरीपासून प्रत्येक फेरीचे आठशे रुपये. नवी पाककृती घातलीत, तर ते नवं काम, त्याचे पैसे वेगळे. माझ्या हातून काही चुकलं असेल, तर ते केव्हाही फुकट दुरुस्त करीन. जादा पैशांचं काम तुमचा लेखी होकार आल्याशिवाय सुरू करणार नाही.’

पाठवलं आणि फोन पालथा घातला. दोन मिनिटांनी सरळ केला. निळ्या खुणा आलेल्या, उत्तर नाही. रात्रीपर्यंत नाही. अम्मासुद्धा गप्प. शनिवारी सकाळी शेठचा फोन आला, “मॅडम, दुकान पे आ जाओ.” एवढंच. मी स्कूटर काढली. अंबरनाथ ओलांडेपर्यंत मी मनातल्या मनात नोकरीवर रुजूही झाले होते.

दुकानात शिरले, तर आतून भांडणाचे आवाज. माझ्या मेसेजची छापील प्रत काउंटरवर, तिच्याभोवती अख्खं घर, आणि शेठच्या हातात एकच कागद. अम्मांच्या तेरा सूचना होत्या, सुनेने त्यातल्या चार खोडल्या होत्या, भावाची एकही पास झाली नव्हती म्हणून तो रुसून धण्याच्या पोत्यावर बसला होता. मला कुणी विचारेना. मी उभ्या उभ्या खोकत आणि हसत होते. खोकला मिरचीचा होता, हसू माझं होतं.

तासाभराने यादी माझ्या हातात आली. सहा ओळी. अम्मांनी खाली सही केली होती.

मग शेठ मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, “मॅडम, आपले केटररवाले आहेत ना, ते पण असंच करतात. थोडा तिखा कम, थोडा रंग ज्यादा, सँपल पे सँपल, सगळं फुकट. त्यांच्यासाठी असा एक लेटर बनवा. किती घेणार?”

मी आकडा सांगितला. “दोन फेऱ्या त्यात आल्या,” मी म्हणाले.

“एकच पुरे,” शेठ म्हणाले. “अम्माला दाखवणारच नाही.”

इतका आनंद झाला होता की स्कूटरची किल्ली उलटी घालत होते. मग तिथेच, दुकानाच्या पायरीवर बसून, जुन्या ऑफिसला कळवलं की मी येत नाही. एकाच ओळीत लिहिलं, आणि कुणालाही वाचून न दाखवता पाठवून दिलं.