बेडरूमचं छत आणि माझी सही

अकोल्याचे काकाजी नसते तर मी आज हिवरखेडच्या बाजारात वांगी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, विकत बसलो असतो. त्यात वाईट काही नाही, वडिलांनी जन्मभर तेच केलं. पण मी आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो, आणि तो काकाजींमुळे झालो. ते नात्याचे नाहीत. बांधकामाचे ठेकेदार होते, पुढे बिल्डर झाले. कॉलेजला प्रवेश मिळाला तेव्हा अकोल्यात राहायला जागा नव्हती. त्यांनी त्यांच्या अर्धवट इमारतीतली एक खोली मला दिली. सकाळ-संध्याकाळ स्लॅबला पाणी मारायचं, बाकी वेळ अभ्यास. तीन वर्षं मी अशा तीन इमारतींत राहिलो. परीक्षेच्या दिवसांत पाणी ते स्वतः मारायचे आणि वरून ओरडायचे, "अबे, वाच तू! स्लॅब पास होते, तू झाला पायजे!"

पुढे मी अमरावतीला कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवायला लागलो. काकाजींनी अमरावतीत सोळा फ्लॅटची इमारत बांधली, तेव्हा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट मी घेतला. ताबा देताना पहिली किल्ली त्यांनी माझ्या हातात ठेवली. सोसायटी झाली आणि सचिव कोण, असा प्रश्न आला, तेव्हा सगळे म्हणाले, सर बिल्डरच्या घरचे आहेत, सरच बरे. मला त्याचा अभिमान वाटला होता.

या वर्षी जुलैत झड लागली. आठ दिवस ऊन दिसलं नाही. नवव्या दिवशी सर्वात वरच्या, चौथ्या मजल्यावरच्या बाई माझ्या दारात आल्या. त्या निवृत्त नर्स आहेत, एकट्या राहतात. त्यांनी मोबाइल माझ्यासमोर धरला. फोटोत त्यांच्या बेडरूमचं छत होतं. कोपऱ्यात ताटाएवढा ओला डाग, कडेला पिवळट, आणि मध्ये एक थेंब लोंबत होता.

"पलंग सरकवला मी," त्या म्हणाल्या. "पण सरकवून सरकवून कुठं नेऊ? दाराबाहेर?"

मी काकाजींना फोन केला. ते म्हणाले, "माणूस पाठवतो. तू काळजी करू नको." मी बाईंना तेच सांगितलं. लेखी काही दिलं नाही. काकाजींना अर्ज लिहायचा, ही कल्पनाच मला विचित्र वाटली.

ऑगस्टमध्ये पाऊस उघडल्यावर त्यांचा सुपरवायझर दोन कारागीर घेऊन आला. दुपारी मी कॉलेजमधून येऊन जेवायला बसलो होतो. तो खाली आला, एक कागद पुढे केला आणि म्हणाला, "सर, काम झालं. काकाजी म्हणले, तुमची सही पायजे." कागदावर छापलेलं होतं, काम समाधानकारक झाले. मी डाव्या हाताने कागद दाबून धरला आणि सही केली. चौथा मजला म्हणजे माझ्या घरापासून दोन जिने. मी ते चढलो नाही.

सप्टेंबरमध्ये दोन दिवस पाऊस आला आणि डाग त्याच जागी परत उमटला. तेव्हा मी वर गेलो. छतावर लांबी, म्हणजे पुट्टी, भरून पांढरा रंग मारला होता, त्या रंगाचे पापुद्रे सुटून खाली आले होते. गच्चीवर पाहिलं तर कुणी हात लावल्याची खूण नव्हती. गळणारं पाणी वरून येत होतं आणि काम खालून झालं होतं. स्लॅबवर तीन वर्षं काढलेल्या माणसाला हे समजायला पाहायचीसुद्धा गरज नव्हती. पण मी सही करून बसलो होतो.

बाईंनी एक प्रश्न विचारला, त्यानंतर माझं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. "सर, पाच वर्ष कधी होऊन राहिले?"

त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, आणि ते बरोबर होतं. ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला दोष बिल्डरला कळवला, तर त्याने तो तीस दिवसांत स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचा असतो, असं रेरा कायदा म्हणतो. कळवल्याचा पुरावा मात्र आपल्याजवळ असावा लागतो. मी कपाटातून ताबापत्र काढलं. ऑक्टोबरच्या अखेरीला पाच वर्षं पूर्ण होत होती. त्यानंतर ते छत बाईंचं एकटीचं दुखणं होणार होतं. खालच्या मजल्यांवरचे 'आमचं छत गळत नाही' म्हणून वर्गणी नाकारतील, हे मला सभांमधून चांगलं माहीत होतं.

मी काकाजींना पुन्हा फोन केला. ते म्हणाले, "तुमची टाकी वाहून राहिली असंन. लोक मोटर चालू करतात अन् विसरतात." हेही खोटं म्हणता येत नव्हतं. टाकी गच्चीच्या त्याच बाजूला आहे आणि ती अधूनमधून वाहते. टाकी वाहिली असेल तर दोष आमचा, बांधकामाचा नाही.

मला वर्गात शिकवताना मध्येच थांबावंसं वाटायचं. फळ्यावरचं उदाहरण अर्धं सुटलेलं असायचं आणि मी मनात टाकी आणि गच्ची यांचा हिशेब लावत असायचो.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पाऊस पूर्ण थांबला. डाग वाळला. मी आणि बाई स्टुलावर चढलो, म्हणजे मी चढलो आणि बाईंनी स्टूल धरलं. डागाच्या कडेने मी पेन्सिलने रेघ ओढली, बाजूला तारीख लिहिली, फोटो काढला. मग गच्चीवर, बाईंच्या बेडरूमच्या वर येणाऱ्या तेवढ्याच भागाला मातीची आळी, म्हणजे बुटके बांध, घातली, पाणी जायचं तोंड गोणपाट कोंबून बंद केलं, आणि दोन इंच पाणी भरलं. काकाजींनी मला हेच शिकवलं होतं, फक्त तेव्हा ते स्लॅब पक्का व्हावा म्हणून असायचं. टाकीची मोटर दोन दिवस माझ्यासमोरच चालवली, एकदाही वाहू दिली नाही. टाकीखालची जमीन कोरडी होती, तिचाही फोटो काढला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाईंनी जिन्यातून हाक मारली. "सर, या! तुमची रेघ ओलांडली त्यानं."

ओल पेन्सिलच्या रेघेबाहेर चार बोटं गेली होती.

मी पत्र लिहिलं आणि ते हातोहात द्यायचं ठरवून रविवारी अकोल्याला गेलो. काकाजी ऑफिसात होते. त्यांनी मला पाहिल्याबरोबर खुर्ची ओढली.

"ये ये. मास्तर झाला तरी उभाच राहून राहिला. बस ना."

चहा आला. मी छताचं सांगायला सुरुवात केली.

"थे तर झालं ना," ते म्हणाले. "कागद आला माह्याजवळ. समाधानकारक. सही तुझीच होय ना?"

"माझीच आहे. पण काकाजी, गच्चीवर काही केलंच नाही. खालून रंग मारला."

"टाकी?"

"टाकी वाहू न देता पाहिलं. आळी करून पाणी भरलं होतं. टाकीखालची जमीन कोरडी होती."

ते हसले. "म्याच शिकवलं अन् मलेच दाखवून राहिला?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "हे पाय. दिवाळी झाली का मी स्वतः येतो. पण कागद-बिगद काढू नको. घरातल्या घरात कागद लागते का?"

दिवाळी महिनाअखेरच्या पुढे होती. हे मी त्यांना सांगू शकलो असतो. पत्राचं पाकीट माझ्या बॅगेत होतं, बॅग मांडीवर होती. मी चहा संपवला, त्यांच्या पाया पडलो आणि बाहेर आलो. परतीच्या एसटीत मूर्तिजापूरपर्यंत मी स्वतःला समजावत होतो की काकाजी येतीलच. मूर्तिजापूरनंतर समजावणं जमेना.

बाई जिन्यातच बसल्या होत्या.

"देल्लं?"

"नाही."

"काहून?"

मी म्हणालो, ते येतो म्हणाले आहेत. बाई उठल्या. "सर, तीस वर्ष मी वॉर्डात काढले. डॉक्टर किती मोठा असो, केसपेपरवर लिवल्याशिवाय म्या कोणाले सुई देल्ली नाई. माणसावर भरोसा नाई म्हणून नाई. उद्या दुसरी सिस्टर ड्युटीवर येते म्हणून."

मग मला राहवलं नाही. मी त्यांना ऑगस्टमधल्या सहीचं सांगितलं. हे मी आतापर्यंत लपवलं होतं.

"वर न येताच?" त्यांनी विचारलं.

"हो."

"दोन जिने होते, सर." मग म्हणाल्या, "मंग थेबी लिवा त्याच्यात. नाहीतर तुमची सही माह्या छतावर बसंन."

मी बॅगेतलं पत्र फाडलं. त्यात सहीचा उल्लेख नव्हता, आणि सुरुवातीला चार ओळी त्यांच्या उपकारांच्या होत्या. सोमवारी कॉलेजच्या मधल्या सुट्टीत नवं लिहिलं, बाईंची सही घेतली, आणि पोचपावतीसह पोस्टाने पाठवलं. ते असं होतं:

प्रति,
काकाजी, अकोला

विषय: चौथ्या मजल्यावरील फ्लॅटच्या बेडरूमच्या छतातून होणारी पाण्याची गळती.

महोदय,

आमच्या इमारतीच्या गच्चीतून चौथ्या मजल्यावरील फ्लॅटच्या बेडरूममध्ये पाणी गळते. जुलैपासून तोंडी कळवले आहे. आता लेखी कळवत आहे. ताबापत्राची प्रत जोडली आहे. पाच वर्षांची मुदत अजून संपलेली नाही.

सोबत पाच फोटो आहेत. पहिला जुलैतला, रंग मारण्यापूर्वीचा, फ्लॅटधारक बाईंनी काढलेला. दुसरा सप्टेंबरमधला, रंग सुटल्यानंतरचा. तिसऱ्यात वाळलेल्या डागाभोवती पेन्सिलची रेघ आणि तारीख आहे. चौथा गच्चीवर पाणी भरल्याच्या दुसऱ्या दिवशीचा, त्यात ओल रेघेबाहेर गेलेली दिसते. पाचवा त्याच वेळचा, टाकीखालच्या कोरड्या जागेचा. त्या काळात पाऊस नव्हता आणि टाकी वाहिलेली नाही. म्हणून दोष गच्चीच्या वॉटरप्रूफिंगमध्ये आहे, असे आमचे म्हणणे आहे. आपल्याला शंका असल्यास हीच चाचणी आपल्या माणसांसमोर पुन्हा करू.

ऑगस्टमध्ये आपल्या माणसांनी खालून लांबी व रंग लावला. गच्चीवर काम झाले नाही. 'काम समाधानकारक' या कागदावर सही माझी आहे. ती मी छत न पाहता केली. आपण पाठवलेला कागद म्हणून केली. ती चूक माझी आहे, फ्लॅटधारक बाईंची नाही. त्यांनी समाधानकारक असे कधीच म्हटलेले नाही. ती सही मी या पत्राने मागे घेत आहे.

कृपया तीस दिवसांत गच्चीवरून दुरुस्ती करून द्यावी. केवळ रंगकाम स्वीकारले जाणार नाही.

काकाजी, हे पत्र रविवारी माझ्या बॅगेत होते. तुमच्यासमोर काढण्याची माझी हिंमत झाली नाही, म्हणून पोस्टाने येत आहे. दिवाळीपर्यंत थांबता येत नाही, मुदत त्याआधी संपते. तुम्ही याल हे मला माहीत आहे. तरी कागद असू द्या.

माणसे सकाळी दहानंतर पाठवावी. बाई त्याआधी देवपूजेत असतात आणि दार उघडत नाहीत.

सचिव
(फ्लॅटधारकाची सही सोबत)