मागनं येतंय, पुढनं जातंय

शहापुरात नागेंद्रच्या घरचं वायफाय कधीच बंद पडत नाही, असं नागेंद्र सांगतो. बंद पडलं असं कुणी म्हटलं की तो ऐकू न आल्यासारखं करतो. त्याच्या बायकोला, सुवर्णाला, मात्र दोन्ही ऐकू येतं, कारण तिचं लग्न त्या वायफायशी नसून नागेंद्रशी झालंय आणि त्याला आता वीस वर्षं होऊन गेलीत.

सुवर्णा माहेरची काकतीची. शेतकऱ्याची पोर, लग्न होऊन विणकराच्या घरात आली तेव्हा तिला माग म्हणजे आवाज करणारं काहीतरी एवढंच ठाऊक होतं. सासूनं पहिल्याच आठवड्यात तिला चरख्यापुढं बसवलं आणि मागासाठी सुताच्या कांड्या भरायला लावल्या. तिथून ती उठली ती सासू वारल्यावरच. कांड्या भरायच्या, ताण्याचे, म्हणजे मागावरच्या उभ्या सुताचे, तुटलेले दोरे सांधायचे, साडी उतरली की घडी घालायची, व्यापाऱ्याचा माणूस आला की चहा करायचा. रंग कुठला, काठ कसला, हे ठरवायचं काम घरातल्या पुरुषांचं. आणि पुरुष काय ठरवत होते? व्यापारी सांगेल तो. म्हणजे वीस वर्षं त्या घरात रंगाबद्दल कुणालाच काही म्हणायचं नव्हतं, पण सुवर्णानं काही म्हटलं की सगळ्यांना म्हणायचं असायचं.

यंदा ती अडून बसली. एक ताणा माझ्या मनानं लावा, बास. गाभा जांभळा, काठ पोपटी.

"असलं कोन नेसतंय गं?" नागेंद्र म्हणाला. "साडी हाय का भाजी मंडई?"

"मी मोबाईलवर लाईव्ह करून इकते. गौरीच्या आत समद्या गेल्या तर म्होरला ताणा बी माझ्याच रंगाचा."

"आन न्हाय गेल्या तर?"

"तर तुमच्या त्या व्यापाऱ्याचा मेंदी रंग लावा, मरंपतूर."

नागेंद्रनं कबूल केलं. त्याला खात्री होती की साड्या जाणार नाहीत. माणूस मनानं वाईट नव्हे, पण आपण बरोबर ठरावं याची त्याला भारी हौस. साड्या विणून झाल्या, छान उतरल्या, कपाटात रचल्या गेल्या आणि लाईव्हची तयारी सुरू झाली. तयारी म्हणजे नागेंद्रची पॉवर बँक.

या पॉवर बँकेविषयी दोन शब्द सांगायलाच हवेत, कारण नागेंद्र दोनशे सांगतो. लाईट गेली की माग थांबतो, त्याला इलाज नाही. पण वायफाय थांबलं तर मॅच कशी दिसणार? म्हणून त्यानं डोकं लावलं. एक पॉवर बँक आणली, ती भिंतीतल्या चार्जरला कायमची लटकवली आणि तिच्यातूनच दुसरी वायर काढून राऊटरला जोडली. चार्जर कुठला, तर जुन्या बटणाच्या फोनचा, टाकून कशाला द्यायचा म्हणून. एका बाजूनं बँक भरत राहायची, दुसऱ्या बाजूनं रिकामी होत राहायची, अष्टौप्रहर. वर मागाची धूळ बसू नये म्हणून ती फडक्यात गुंडाळलेली. देवघरातल्या देवांना त्या घरात एवढी ऊब नव्हती.

"ह्यात अवघड काय हाय?" तो येणाऱ्या-जाणाऱ्याला समजावायचा. "माग बघा की. मागनं सूत येतंय, पुढनं कापड जातंय. एक ताणा संपायच्या आत दुसरा सांधतो का न्हाय? माग कवा रिता ऱ्हातोय? ही बी तशीच. मागनं करंट येतंय, पुढनं जातंय."

ऐकणाऱ्याला पटायचं. विणकर गल्लीत या हिशेबाला कोण नाही म्हणणार? फक्त शेजारची मंजुश्री म्हणाली. ती खासबागेतल्या एका मोबाईलच्या दुकानात कामाला आहे.

"अण्णा, ह्या बँकेला हे चालत न्हाय. एकाच टायमाला भरायची आन वापरायची म्हंजे दोन्हीकडनं तापतीया. दिवसरात फुल्ल आन गरम ऱ्हायली की सेल लवकर मरतोय, फुगतोय. त्यात तुमी तिला गोधडी घातलीया."

"तुला नवी इकायची असंल," नागेंद्र म्हणाला.

"काय काय बँका त्यासाठीच केलेल्या असत्यात अण्णा, पर ही तसली न्हाय. आन लाईट गेली की राऊटर बंद होऊन परत चालू होतंय का न्हाय तुमचं?"

हे मात्र खरं होतं. लाईट गेली की बँकेतून बाहेर जाणारा करंट क्षणभर तुटायचा, मग परत यायचा. लाईट आली की परत तसंच. क्षणच, पण राऊटरला तेवढा पुरायचा. तो पहिल्यापासून सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं घ्यायचा. म्हणजे ज्या कामासाठी हा सगळा संसार मांडला, नेमकं तेच व्हायचं नाही.

"दम घेतंय," नागेंद्र म्हणाला. "मशीन हाय, दम घेनारच."

मंजुश्री घरी गेली. सुवर्णा ऐकत होती, पण नवऱ्याला चारचौघांत खोटं पाडायचं नाही हे वळण तिच्या अंगात मुरलेलं. तिथंच ती चुकली.

लाईव्ह दुपारी ठेवलं. काकतीपासून निपाणीपर्यंतच्या बायकांना निरोप गेले होते. माग बंद केला, भिंतीला चादर लावली, गोल दिवा उभा केला. आणि नागेंद्रनं मोठ्या मनानं तो दिवा, राऊटर आणि सुवर्णाचा फोन, तिन्ही त्या एकाच पॉवर बँकेला जोडले. बँक अर्थातच भिंतीला.

"आता आभाळ कोसळूदे," तो म्हणाला. "आन डेटा बंद कर. वायफाय असताना डेटा कशाला जाळायचा?"

तिनं केला. बायका जमू लागल्या. सुवर्णाला आधी शब्द सुचेना, मग सुचले ते थांबेनात. पदर कसा, काठ कसा, हात लावला तर सूत कसं लागतं, हे ती सांगू लागली. पण दिव्याच्या पांढऱ्या उजेडात जांभळा रंग काळपट दिसत होता आणि पोपटी फिका. "रंग निस्तेज वाटतोय ओ," एकीनं लिहिलं. सुवर्णानं साडी दिव्याच्या आणखी जवळ धरली. नागेंद्र कोपऱ्यात उभा होता. त्याचा चेहरा दुःखी नव्हता.

तेवढ्यात तिची नजर फडक्यातून डोकावणाऱ्या आकड्यावर गेली. सुरुवातीला शंभर होता, आता साठच्या खाली होता. भिंतीला लावलेली असून!

तिला एकदम सासूचा चरखा आठवला. एका चरख्यावर एक माग चालतो. तीन माग लावले तर चरखेवाली कितीही हात चालवू दे, कांड्या पुरायच्या नाहीत. आत करंट येत होता त्या म्हाताऱ्या चार्जरच्या ताकदीनं आणि बाहेर तिघे ओढत होते. मागनं येतंय हे खरंच होतं. किती येतंय हे या गृहस्थानं कधी विचारलंच नव्हतं.

आणि लाईट गेली. गोल दिवा लुकलुकला, राऊटर मेला, पडद्यावर जोडतंय-जोडतंयचं चाक फिरू लागलं. "दम घेतंय," नागेंद्र म्हणाला. दोन-तीन मिनिटांनी राऊटर उठला, चित्र आलं, निम्म्या बायका गेलेल्या. सुवर्णानं पुन्हा पदर उलगडला. आणि लाईट आली! लोक लाईट आल्यावर आनंदतात. या घरात राऊटर पुन्हा मेला. दिवा पेटतो न पेटतो तोच बँकेचा आकडा धाडकन खाली आला आणि मग आकडाच गेला. फडक्यातून गोड, औषधासारखा वास यायला लागला.

सुवर्णाला राग आला. वीस वर्षं न आलेला सगळा एकदम आला.

"व्हा बाजूला!" ती म्हणाली. तिनं आधी भिंतीतला चार्जर उपसला, मग बाकीच्या वायरी. फडकं अलगद सोडलं. बँक पोट आल्यासारखी फुगली होती आणि हात लावू देत नव्हती. तिनं ती सुपात घेतली आणि घरामागच्या परड्यात मोकळ्या फरशीवर, सगळ्यापासून लांब नेऊन ठेवली.

"थांब, वर वीट ठेवतो, बसंल परत," नागेंद्र म्हणाला.

"हात लावशीला तर बघा! फुटली तर आग लागंल. मंजुश्री न्हेईल दुकानात, असल्याचा डबा असतोय तिथं."

वीस वर्षांत तिनं असं बोलल्याचं नागेंद्रला आठवेना. तो दोन पावलं मागं सरला.

आत येऊन तिनं फोन हातात घेतला. त्याची स्वतःची बॅटरी भरलेली होती. तिनं डेटा चालू केला. चाक थांबलं, चित्र आलं. साड्यांचा गठ्ठा काखेत मारून ती सरळ गल्लीत गेली आणि समोरच्या देवळाच्या कट्ट्यावर उन्हात तिनं पहिली साडी फेकल्यासारखी उलगडली.

जांभळा पेटला. काठ तर असा दिसला की कट्ट्यावर बसलेल्या शालूबाईनं तंबाखू मळायची थांबवली. "ही माझी," एकीनं लिहिलं. "ही मला ठेवा," दुसरीनं. निपाणीच्या एका बाईनं तीन मागितल्या, तिन्ही सुनांना. सुवर्णा भर उन्हात घामाघूम होऊन बोलत होती, केस सुटलेले, पदर खोचलेला, आणि तिला लाज वाटत नव्हती. साड्या संपल्या तरी बायका जाईनात.

संध्याकाळी नागेंद्र ओट्यावर बसून शेजाऱ्यांना सांगत होता की लाईव्ह जोरात झालं, तयारीच तशी केली होती आपण. सुवर्णानं ते ऐकलं. हे तिला अपेक्षितच होतं आणि आज तिला त्याचं वाईटही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागावर पुढचा ताणा लावायचा होता. सूतवाल्या परशरामाचा फोन आला. नागेंद्रनं उचलला, नेहमीसारखा "हां, सांगा" म्हणाला आणि मग नेहमीसारखं पुढं बोलला नाही. मग स्वयंपाकघराच्या दारात आला आणि फोन तिच्यापुढं धरला.

"रंग इचारतोय," तो म्हणाला. "तूच सांग."

काल अख्ख्या मुलखाशी बोललेली सुवर्णा पिठाचे हात घेऊन उभी राहिली आणि तिच्या तोंडून शब्द फुटेना. तिचे डोळे भरून आले. पलीकडून परशराम हॅलो हॅलो करत होता. वीस वर्षांत त्या घरात हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता.